नळ टपकतोय? आवळण्याआधी बघा, आत रबरी वायसर आहे की सिरॅमिक डिस्क

नळ टपकायला लागला की घरातल्या प्रत्येकाचा हात पहिल्यांदा तो जोरात आवळायलाच जातो, आणि नेमकी इथेच गडबड होते. कारण आपल्याकडच्या नळांच्या आत दोन अगदी वेगळ्या पद्धतीच्या गोष्टी असतात. एकात रबरी वायसर असतो, तो आवळला की खरंच दबतो आणि थेंब थांबतो. दुसऱ्यात सिरॅमिकच्या दोन चकत्या असतात, तिथे तुम्ही कितीही जोर लावा, थेंबाला काही फरक पडत नाही, उलट आतला कार्ट्रिज मोडतो किंवा नॉबचे दाते घासले जातात. म्हणून आधी ओळखायचं आणि मग हात लावायचा. ओळखायला बहुतेक वेळा नळ उघडावाही लागत नाही, बाहेरूनच दोन-चार मिनिटांत कळतं. मी इथे सगळं त्याच क्रमाने सांगतो ज्या क्रमाने मी स्वतः बघतो.

सगळ्यात आधी, पाणी नक्की कुठून येतंय

ही पायरी लोक सोडून देतात. तोटीच्या तोंडातून थेंब पडतोय का, नॉबच्या खालून पाझरतंय का, की सिंकच्या वळणाऱ्या लांब मानेच्या बुडाशी ओल येतेय, हे तिन्ही वेगवेगळे रोग आहेत. वायसर किंवा डिस्क खराब असेल तर पाणी तोंडातूनच येणार, आणि नळ बंद असताना येणार. नॉबखालून येत असेल, तेही फक्त नळ चालू असताना, तर दोष दांड्याभोवतीच्या ओ-रिंगचा किंवा जुन्या नळात ग्लँडच्या दोऱ्याचा असतो. मानेच्या बुडाशी असेल तर तिथली ओ-रिंग गेली. या दोन्ही बाबतीत खालचं काहीच लागू होत नाही.

अजून एक, सिंकच्या उंच वळणाच्या नळात बंद केल्यावरही मानेत थोडं पाणी राहतं आणि ते काही वेळ थेंब थेंब पडतं. तो बिघाड नाही. त्यामुळे नळ बंद करा, जाळीच्या तोंडावर फडकं लावून पाणी शोषून घ्या, दहा मिनिटं थांबा, आणि मग बघा. तरी थेंब येतोय म्हणजे खरंच गळतोय. रात्री खाली एक मग ठेवून सकाळी किती भरला ते बघून ठेवा, रिपेअरनंतर तुलना करायला हे फार उपयोगी पडतं.

आत नक्की काय चालतं

जुन्या पद्धतीच्या नळात पितळेचा स्पिंडल असतो, त्याला आटे असतात. नॉब फिरवला की स्पिंडल खाली उतरतो आणि त्याच्या टोकाचा रबरी वायसर नळाच्या पोटातल्या एका गोल उंचवट्यावर जाऊन बसतो, त्याला सीट म्हणतात. वायसर दाबून भोक बंद करतो, एवढंच. वापरून वापरून त्या रबरावर सीटच्या कडेचा गोल खड्डा पडतो, रबर कडक होतं, मग तेवढ्याच दाबात भोक नीट झाकलं जात नाही आणि माणूस दर महिन्याला थोडं जास्त आवळत जातो.

सिरॅमिकमध्ये दाबायचं कामच नाही. अगदी गुळगुळीत घासलेल्या दोन चकत्या एकमेकींवर टेकलेल्या असतात, दोन ओल्या काचा कशा एकमेकींना चिकटतात तशा, आणि दोघींना भोकं असतात. खालची स्थिर, वरची नॉबबरोबर फिरते. भोकं समोरासमोर आली की पाणी सुरू, बाजूला सरकली की बंद. या चकत्या, दांडा, ओ-रिंग आणि बुडाला एक रबरी सील असं सगळं मिळून जे पितळी डबडं होतं तो कार्ट्रिज, दुकानात याला डिस्क फिटिंग किंवा क्वार्टर टर्न फिटिंग असंही म्हणतात.

म्हणजे सिरॅमिक नळातही रबर असतंच बरं का. बुडाचं सील. कार्ट्रिज आणि नळाचं पोट यांच्यामधून पाणी चोरवाटेने जाऊ नये म्हणून ते असतं, आणि सिरॅमिक नळ टपकतो तेव्हा अनेकदा चकत्या ठणठणीत असतात आणि हे सीलच चेपलेलं किंवा कापलेलं असतं. प्लंबर "डिस्क गेली" म्हणतो तेव्हा हे लक्षात ठेवा.

बाहेरून ओळखायच्या चार खुणा

पहिली खूण, किती फिरतो. नळ पूर्ण बंद करा, नॉबवर मार्करने एक ठिपका द्या आणि पूर्ण उघडेपर्यंत फिरवा. दोन-तीन पूर्ण फेरे लागले तर रबरी वायसर, यात शंका ठेवायची गरज नाही. बरोबर पाव फेरा, म्हणजे घड्याळात बारावरून तीनवर, आणि दोन्ही टोकांना टक्कन अडतो, तर बहुतेक सिरॅमिक. इथे एक अपवाद आहे, बाल्कनीत किंवा वॉशिंग मशीनच्या लाइनला लांब दांड्याचा कॉक असतो, तो पण पाव फेऱ्यातच चालतो पण त्याच्या आत ना वायसर ना चकती, एक भोक पाडलेला गोळा असतो. तो बॉल व्हॉल्व्ह, त्याचा प्रकार तिसरा. तो गळायला लागला की बहुतेक वेळा अख्खा बदलणंच सोयीचं.

आणि अर्ध्या फेऱ्याचे नळ? खरा घोळ इथे आहे. हाफ टर्न म्हणून विकले जाणारे नळ काही सिरॅमिकचे असतात आणि काही रबरी वायसरचेच असतात, फक्त त्यांचे आटे जास्त तिरके पाडलेले असतात म्हणून कमी फिरवून काम होतं. त्यामुळे अर्धा फेरा दिसला की पुढच्या खुणा बघितल्याशिवाय निर्णय करू नका.

दुसरी खूण, बंद होताना हाताला काय लागतं. डोळे मिटून हळू फिरवा. रबराचा नळ शेवटी मऊ लागतो, बंद झाल्यावरही अजून थोडा जातो, दिवसागणिक कुठे थांबणार ते बदलतं. सिरॅमिकचा रोज त्याच जागी, एकदम कडक थांबतो, पुढे केसभर सरकत नाही. मध्ये फिरताना तो सगळीकडे सारखाच हलका लागतो.

तिसरी खूण, नॉब वर उचलला जातो का. नॉब आणि खालची वाटी यांच्यातली फट नळ बंद असताना बघा, मग उघडल्यावर बघा. फट वाढली तर स्पिंडल आट्यांवरून वर येतोय, म्हणजे वायसर. फट वाढली नाही तर मात्र लगेच सिरॅमिक म्हणू नका, कारण काही वायसरवाल्या स्पिंडलमध्ये फक्त आतला भाग वरखाली होतो आणि नॉब जागेवरच राहतो. म्हणजे ही खूण एकाच बाजूने पक्की आहे.

चौथी खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते, थेंब जोराला दाद देतो का. नेहमीसारखा बंद करा, एका मिनिटात किती थेंब पडतात ते मोजा. मग अगदी थोडा, फक्त बोटांच्या ताकदीने, जास्त आवळा आणि परत मोजा. थेंब कमी झाले किंवा थांबले तर रबर. काहीच फरक नाही तर सिरॅमिक. मात्र ज्या वायसरच्या नळाची सीटच खराब झालीय तोही दाद देत नाही, म्हणून चारही खुणा एकत्र बघायच्या. पक्कड मात्र लावू नका, ही चाचणी बोटांचीच आहे.

सिंगल लिव्हरचा मिक्सर असेल, म्हणजे एकच दांडा वरखाली आणि डावीउजवीकडे जातो, तर हे काही करायची गरज नाही. आपल्याकडे घराघरांत बसवलेले ते सिरॅमिक कार्ट्रिजचेच असतात, बहुतेक 35 किंवा 40 मिलिमीटरचे.

जाळी उघडून बघा, ती बरंच सांगते

तोटीच्या तोंडाची जाळी हाताने किंवा फडकं गुंडाळून पान्याने सोडवा आणि पांढऱ्या बशीत उलटी आपटा. तपकिरी बारीक वाळू, गंजाचे कण निघाले तर ते कण जाळीपर्यंत नळाच्या आतूनच आलेत, म्हणजे कार्ट्रिजमधूनही गेलेत. सोसायटीची टाकी साफ झाल्यावर किंवा पाणीपुरवठ्याचा शटडाऊन संपून पहिलं गढूळ पाणी आल्यावर हे हमखास दिसतं. जाळीवर पांढरा टणक थर असेल तर पाणी जड आहे, घोडबंदर रोडच्या ज्या सोसायट्यांना टँकर किंवा बोअरवेलचं पाणी घ्यावं लागतं तिथे असा थर जास्त धरतो.

वाळूने चकत्यांवर चरे पडतात असं सरसकट म्हटलं जातं, पण त्या चकत्या ॲल्युमिनाच्या असतात आणि ॲल्युमिना वाळूपेक्षा बराच कडक असतो. जास्त वेळा होतं असं की कण चकत्यांच्या मध्ये किंवा कडेला अडकतो, चकती पूर्ण टेकत नाही, आणि तशातच कुणी जोर लावला तर कडेचा टवका उडतो. किंवा तो कण बुडाच्या रबरी सीलमध्ये रुततो. म्हणूनच कण अडकल्याची शंका असेल तेव्हा जोर लावणं सगळ्यात वाईट. त्याऐवजी जाळी काढून ठेवा आणि नळ पूर्ण उघडा-बंद, उघडा-बंद असं आठ-दहा वेळा करा. पाण्याच्या जोरात कण निघून जातो आणि नळ कधी कधी एवढ्यावरच बरा होतो.

उघडून खात्री करायची असेल तर

सिंकखालचा किंवा बेसिनखालचा अँगल कॉक बंद करा. बाथरूमच्या भिंतीतल्या नळाला तो नसतो, मग बाथरूमचा कन्सील्ड कॉक, तोही चालत नसेल तर वॉचमनला सांगून गच्चीवरचा त्या लाइनचा व्हॉल्व्ह. नळ उघडून पाणी पूर्ण थांबलंय ना बघा. सिंकच्या जाळीत फडकं कोंबा, नाहीतर छोटा स्क्रू गेलाच समजा.

नॉबवरची लाल-निळी टिकली पातळ पात्याने उचका, खाली स्क्रू असतो. टिकली नसेल तर नॉबच्या मागे बारीक भोकात ॲलन स्क्रू शोधा. नॉब सरळ वर ओढा, क्षाराने धरला असेल तर डावीउजवीकडे हलवत ओढा. मग शोभेची वाटी हाताने फिरवून काढा, आता षटकोनी नट दिसेल.

इथे दोन गोष्टी नीट सांभाळा. एक, वायसरचा नळ असेल असं वाटत असेल तर पाना लावायच्या आधी नळ अर्धा उघडा ठेवा. बंद ठेवून सोडवला तर स्पिंडल सीटवर दाबलेला असतो आणि आटे खराब होतात. दुसरी जास्त महत्त्वाची, पाना फिरवताना दुसऱ्या हाताने नळाचं अंग घट्ट धरा. आपण नट सोडवतोय, अख्खा नळ भिंतीत फिरता कामा नये. वाशी, नेरूळ, ठाण्याच्या जुन्या बिल्डिंगमध्ये भिंतीत जीआयचे पाइप आहेत, ते आतून गंजलेले असतात, आणि नळ हलला तर भिंतीतला निपल तुटतो. मग टाइल फोडण्यापर्यंत काम जातं. बेताच्या जोराने नट सुटत नसेल तर तिथेच थांबा, व्हिनेगरमध्ये भिजवलेलं फडकं तासभर गुंडाळून ठेवा, परत बघा, आणि तरीही नाही तर प्लंबरला बोलवा.

निघालेला भाग हातात आला की प्रश्न संपतो. लांब पितळी दांडा, बाहेरून आटे आणि टोकाला काळा रबरी वायसर, तर स्पिंडल. आखूड डबडं, बाजूला खिडक्या आणि खिडकीतून पांढरी किंवा करडी चकती दिसतेय, बुडाला रबराची कडी, तर कार्ट्रिज. नळाच्या पोटात डोकावून मात्र ठरवू नका, कारण बऱ्याच नळांचं अंग दोन्हीला चालतं आणि मध्ये कुणी वायसरचा स्पिंडल काढून त्याच जागी डिस्क फिटिंग बसवलेलं असू शकतं. भाड्याच्या घरात तर हे फारच दिसतं, बाहेरून जुना नळ आणि आत नवा कार्ट्रिज.

नेरूळच्या एका सिंकचं उदाहरण

सिडकोच्या काळातली बिल्डिंग, आमच्या ओळखीच्या काकूंचं स्वयंपाकघर. सिंकचा नळ सतत टपकत होता आणि येऊन गेलेल्या प्लंबरने "काकू, अख्खा नळ बदलावा लागेल" सांगितलेलं. ठिपका देऊन फिरवला तर अर्धा फेरा, म्हणजे तोच घोळाचा प्रकार. नॉब उचलला जात नव्हता, यावरूनही काही ठरत नाही. शेवटचा थांबा कडक होता, आणि थोडं आवळून थेंब मोजले तर आधी जेवढे तेवढेच. जाळीतून तपकिरी वाळू निघाली. विचारलं तर आदल्याच आठवड्यात टाकी साफ झालेली. एवढ्यावरून सिरॅमिक धरलं आणि उघडलं तेव्हा कार्ट्रिजच निघाला.

चकत्या खिडकीतून टॉर्चने बघितल्या, टवका नव्हता. बुडाच्या सीलमध्ये मात्र दोन कण रुतलेले आणि एका जागी रबर कापलेलं. कार्ट्रिज बाहेर असतानाच नळावर फडकं धरून अँगल कॉक क्षणभर थोडासा उघडला, म्हणजे पोटात बसलेली वाळू निघून जावी, मग सील धुऊन परत बसवलं. रात्रीचा मग आधी जवळजवळ भरायचा, आता तळाला चार बोटं पाणी आलं. म्हणजे निदान बरोबर होतं पण कापलेलं सील काम करणार नव्हतं, आणि सुटं सील त्या मापाचं दुकानात मिळेना, म्हणून कार्ट्रिजच बदलायचं ठरलं.

जुना कार्ट्रिज घेऊन काकूंचा मुलगा दुकानात गेला. तिथे दांड्याचे दाते जुळवून कार्ट्रिज दिला, पण घरी बसवला तर नॉब वाटीपासून बराच वर राहिला. दाते तेवढेच, आटेही तेच, फक्त दांडा लांब. तो बदलून आणला. मग मगात सकाळी पाणी नव्हतं, आणि नळ तोच राहिला.

म्हणून दुकानात जाताना जुना भाग सोबतच न्या आणि काउंटरवर दोन्ही शेजारी उभे करून चार गोष्टी जुळवा: आट्यांची जाडी, आट्यांखालची लांबी, दांड्याची लांबी, आणि दाते. 20 दात्यांचेही मिळतात, 24 दात्यांचेही, नुसते बघून कळत नाहीत, एका दात्यावर मार्करची खूण करून मोजायचे. गरम-गार दोन नॉबचा नळ असेल तर फिरायची दिशाही बघा, कारण दोन्ही बाजूंचे कार्ट्रिज बऱ्याचदा उलट दिशेने बंद होतात.

मग दुरुस्ती

रबरी वायसर निघाला तर काम सोपं. त्याच मापाचा नवा वायसर घ्या, पण बसवण्याआधी बोट आत घालून सीटवरून नख फिरवा. गुळगुळीत लागली तर नवा वायसर पुरे. नख अडकतंय, खाचा लागतायत, तर नवा वायसरही थोड्याच दिवसांत कापला जाणार, अशा वेळी सीट घासून देणारा कटर ज्याच्याकडे आहे असा प्लंबर शोधा किंवा नळ बदला. नवा वायसर बसल्यावर थेंब थांबेपर्यंतच आवळायचा, त्यापुढे एक इंचही नाही, हे घरातल्या सगळ्यांना सांगा, कारण जुन्या सवयीने हात जोर लावतोच.

कार्ट्रिज असेल तर आधी सफाई. पांढरा थर असेल तर तासभर व्हिनेगरमध्ये बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. चकत्यांवर पॉलिश पेपर, तारेची घासणी, सुई काहीही लावू नका, त्यांचा सपाटपणा हेच त्यांचं काम आहे. ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस चालतं, खोबरेल, व्हॅसलीन, मशीन ऑइल नको, रबर फुगतं. बसवताना कार्ट्रिज बंद स्थितीत ठेवा, हाताने आटे लागेपर्यंत फिरवा आणि मग पान्याने बेताने, कारण जास्त आवळला तर बुडाचं सील चेपून परत तिथूनच गळती सुरू होते. नॉब घालताना तो आधी ज्या कोनात होता त्याच कोनात बसवा. एक-दोन दाते इकडेतिकडे झाले तर नॉब कशाला तरी टेकतो आणि चकती पूर्ण बंद व्हायच्या आधीच थांबतो, मग नवा कार्ट्रिज असूनही थेंब पडतो आणि लोक दुकानदाराला दोष देतात.

शेवटी अँगल कॉक हळूहळू उघडा, जाळी न लावता अर्धा मिनिट पाणी जाऊ द्या, मग जाळी लावा. आणि पुढच्या वेळी सोसायटीच्या ग्रुपवर टाकी साफ करण्याचा मेसेज आला की त्या दिवशी पहिलं पाणी बाल्कनीच्या किंवा बाथरूमच्या वायसरवाल्या नळातून काढा, सिंकच्या सिरॅमिक नळाला स्वच्छ पाणी आल्यावरच हात लावा.